झोपलो कवा होतो आमी

कोसमटोलीच्या सयत्राबाईला चारचौघांत उभं करून बोलायला लावायचं नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बसल्या जागी ती दोन तास भांडेल, शेजारणीला हसवून लोळवेल, पण उभी केली की पदराचं टोक दातांत आणि नजर जमिनीवर. बचत गटात तिची अध्यक्षपदाची पाळी आली की ती बसूनच मीटिंग चालवायची. कोणाची हरकत नव्हती.

भित्री मात्र ती नव्हती. ढिवराच्या घरची लेक, ढिवराच्याच घरची सून. लग्न होऊन आली तेव्हापासून डोक्यावर मासळीची टोपली घेऊन आसपासची गावं पायाखाली घातलेली. त्या काळात मासळीच्या बदल्यात धान मिळायचं. एका मोठ्या घरची बाई धान देताना सूप लांबून टोपलीत रिकामं करायची, म्हणजे हात लागू नये. एक दिवस सयत्रानं टोपली उचलली आणि म्हणाली, "बाई, मासोळी तं तुमी हातानं दाबून दाबून पाह्यता. तिले चालते, मले नाई चालत?" त्यानंतर तिनं त्या घराची वाट सोडली. आठवड्याला हमखास घेणारं घर गेलं. नवरा दयाराम दोन दिवस कुरकुरला. तिनं ऐकून घेतलं, पण त्या दारात पुन्हा पाय ठेवला नाही. पुढच्या वर्षी त्या घरची सून स्वतः तळ्यावर मरळ मागायला आली, तेव्हा सयत्रानं तिला चांगली निवडून दिली आणि धान तिच्या हातातूनच घेतलं.

गावाचं तळं जुनं, मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या वेळचं. बेशरमाच्या झुडपांनी ते निम्म्याहून जास्त गिळलं होतं. पूर्वी पाण्यात गाद, चिला अशा पाणवनस्पती असायच्या, मासोळी त्यातच अंडी घालायची. ते सगळं गेलं आणि मरळ, वाघूर दिसेनाशी झाली. तळं जिच्या ताब्यात होतं ती मच्छीमार संस्था दरवर्षी बाहेरून मत्स्यबीज आणून सोडायची, पण बेशरमाच्या रानात जाळं टाकणार कुठं? अखेर एका उन्हाळ्यात, पाणी आटलं तेव्हा, बचत गटाच्या बायका तळ्यात उतरल्या. बेशरम वरून कापून उपयोग नसतो, दांडी जिथं चिखलात पडेल तिथं पुन्हा फुटते. म्हणून एकेक झुडूप मुळासकट उपटायचं, काठावर ओढून आणायचं, वाळवायचं आणि जाळायचं. त्याच्या चिकानं हात सोलून निघायचे. दोन उन्हाळे हे चाललं. मग त्यांनी लांबच्या एका बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, गाद आणि चिला मुळासकट आणला आणि उथळ पाण्यात लावला. भाताची रोवणी करणाऱ्या हातांना ते काम वेगळं शिकवावं लागलं नाही.

मासोळी परतली. आणि मासोळी परतल्यावर संस्थेला तळ्याची आठवण झाली.

संस्थेचे अध्यक्ष आसारामभाऊ. माणूस वाईट नव्हता, पण कोणीतरी मोठा माणूस मोटारीतून आला की त्यांची मान आपोआप हलायला लागायची. तालुक्याच्या गावचा एक ठेकेदार असाच आला. तळं तीन वर्षांसाठी मला द्या म्हणाला. मी फक्त रोहू-कतला टाकीन, काठावर तार घालीन, बायकांनी हातजाळी घेऊन उथळात उतरायचं नाही. संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेत यावर हात वर व्हायचे होते. गटातल्या अकरा बायकांपैकी एकीचाही हात तिथं चालणार नव्हता. संस्थेत सगळे सभासद पुरुष.

"मग सभासद होऊ ना आपन," सयत्रा बांधावर बसून म्हणाली होती. "मासोळी आपन नाई धरत काय?"

ही गोष्ट गावभर झाली. आसारामभाऊंनी पानठेल्यावर सांगितलं की बायकांनी बेशरम काढलं त्याची त्यांना रोजगार हमीची मजुरी मिळाली, हिशेब संपला. दोन-तीन घरांत नवऱ्यांनी बायकांना दम दिला. त्या महिन्याच्या मीटिंगला कोण येईल आणि कोण नाही, हे कोणालाच सांगता येईना. आणि नेमकी त्याच मीटिंगला अध्यक्षपदाची पाळी सयत्राची होती.

त्याच मीटिंगला तालुक्याच्या कार्यालयातून प्रज्ञा मॅडम येणार होत्या. सगळ्या गटांच्या मीटिंगची सुरुवात प्रेरणेच्या ओळींनी व्हावी, असं वरून आलं होतं. ओळी छापून, प्लास्टिकमध्ये मढवून दिल्या होत्या. अध्यक्षेनं उभं राहून वाचायच्या, बाकीच्यांनी मागून म्हणायच्या, आणि मॅडमनी त्याचा व्हिडिओ करून पाठवायचा.

समाजमंदिरात सतरंज्या पडल्या. बायका नेहमीसारख्या गोल बसल्या, म्हणजे कोणी कोणाच्या मागं राहत नाही आणि पैसे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गोळा होतात. सात जणी आल्या होत्या. प्रार्थना झाली. गटाची सचिव निर्मला बारावी शिकलेली, तिनं तो मढवलेला कागद सयत्राच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "वाचाले जमलं नाई तं मी मागून सांगतो."

सयत्राला वाचायला येत होतं. हळू यायचं, पण यायचं. तिनं पहिली ओळ मनातल्या मनात वाचली. मग दुसरी. मॅडमनी मोबाईल समोर धरला होता.

"सयत्राताई, करा सुरुवात."

सयत्रानं बसूनच मोठ्यानं वाचलं, "जागी हो गं, झोपलेल्या नारी." मागून चार-पाच आवाज आले, "जागी हो गं, झोपलेल्या नारी." पुढची ओळ होती: "अबला म्हणुनी किती दिवस रडशील?" सयत्रा तिथं थांबली.

"पुढं?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, राग नोका मानू," सयत्रा म्हणाली. "हे कोनासाठी लिवलं आहे जी?"

"तुमच्यासाठीच. सगळ्या गटांसाठी."

"झोपलो कवा होतो आमी? आज पाहाटे चारले उठलो. ही दुरपताकाकू तीनले उठते. झोपाले भेटलं तं आमी आनंदानं झोपू." एक-दोघी पदराआड हसल्या. "आन् रडून कोन रायलं इथं? मले तं नाई दिसत कोनी. मी हे नाई म्हनत."

निर्मलानं तिच्या पदराला मागून ओढ दिली. वरून आलेली गोष्ट नाकारायची म्हणजे पुढं बँकेच्या कर्जाच्या वेळी आडवं येईल, ही भीती तिच्या चेहऱ्यावर लिहिलेली होती.

मॅडमनी मोबाईल खाली ठेवला. त्यांनाही लागलं होतं. "ताई, माझ्या आईच्या गटात हीच ओळ म्हणायचे," त्या म्हणाल्या. "माझी आई घराबाहेर पडत नव्हती. तिला या ओळीनं उठवलं. म्हणून मी शिकले. तुम्हाला नको असेल, पण ती खोटी नाही."

सयत्रानं मान हलवली. "तुमच्या मायसाठी खरी असन. तिनं सोताले म्हटली असन. दुसऱ्यानं मले म्हटली का ती शिवी होते."

"मग तुम्ही सांगा, काय म्हणायचं," मॅडम म्हणाल्या. त्यात चिडही होती आणि खरोखर विचारणंही होतं. "मीटिंगला काहीतरी तर लागतं. बाई घरून येते तेव्हा तिच्या डोक्यात चूल असते, ढोरं असतात, नवऱ्याची कटकट असते. तिचं मन इथं आणायला दोन शब्द लागतात. आज तर तुम्हाला जास्तच लागतील. चार जणी आल्या नाहीत. का आल्या नाहीत, मला माहीत आहे."

हे बरोबर होतं. सयत्रालाही ते कळलं. सभासद व्हायचं की नाही हा ठराव आज घ्यायचा होता, आणि सात जणींपैकी निम्म्या जमिनीकडं बघत होत्या. तिनं कागद बाजूला ठेवला. तोंडात पदर जायला लागला होता, तो तिनं काढून कंबरेला खोचला.

"बरं," ती म्हणाली. "मी आमचंच सांगतो. ही दुरपताकाकू पाहा. हिचा मालक याच तळ्यात बुडून मेला. पदरात चार लेकरं. तरीबी हिनं हिंमत नाई सोडली..."

"बस," दुरपताकाकू म्हणाली.

काकू कधी मोठ्यानं बोलत नसे. सगळ्या तिच्याकडं वळल्या.

"माह्या मालकाचं मरन हे तुमच्या मीटिंगची सुरुवात नाई होय, सयत्रे. ते माहं आहे. तू मले इचारलं काय?"

सयत्राचा चेहरा उतरला. "नाई इचारलं, काकू."

"मॅडमच्या कागदानं तुले झोपलेली म्हटलं तं तुले झोंबलं. तू मले बिचारी करून बसवलं, ते?"

सयत्रा खाली बघत म्हणाली, "चुकलं, काकू. काय म्हनू मंग? तुमीच सांगा."

काकू म्हणाली, "म्हन, दुरपता जाळं विनते. आजबी विनते. गावात कोनाचं जाळं फाटलं तं माह्याकडं येते, आसारामचंबी येते. तेवढं म्हन."

निर्मलानं ते तसंच लिहून घेतलं. मग सगळ्यांनी मिळून म्हटलं, "दुरपता जाळं विनते." ऐकायला साधं होतं, पण काकूची पाठ थोडी सरळ झाली. तिच्या शेजारी बसलेली कचराबाई, जिच्या नवऱ्यानं सकाळीच 'मीटिंगला गेलीस तर बघ' म्हणून दम दिला होता, ती एकदम म्हणाली, "मंग माहंबी लिव."

"काय लिवू?"

"कचरानं दांडी ओढली." तिला पुढं शब्द मिळेनात. "ते, शेवटचं बेशरम. मधातलं. घुटन्याएवढ्या पान्यातलं. चौघींनी ओढलं तं नाई निघालं. मी पाय लावून ओढलं आन् चिखलात बसली."

"उतानी पडली," कोणीतरी दुरुस्ती केली, आणि सगळ्या हसल्या, कचराबाईसुद्धा.

"उतानी पडली हे नोको लिवू. दांडी निघाली, एवढं लिव."

मग ओळी यायलाच लागल्या. एकीनं सांगितलं की ती या महिन्यात बँकेत जाऊन साहेबाशी स्वतः बोलली, पोरगा संगं नेला नाही. एकीनं सांगितलं की तिनं काहीच केलं नाही, ताप होता, पण तापातून उठून इथं आली. निर्मला घुटमळली. हे लिहायचं का? दुरपताकाकू म्हणाली, "लिव. येनं हे काय कमी आहे काय?"

सयत्रानं मग त्याला एक रीत लावली. हजेरी घेताना नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं नाही. आपलं स्वतःचं एक वाक्य म्हणायचं, या महिन्यात केलेलं, छोटं. दुसरीबद्दल कोणी बोलायचं नाही, जिचं तिनंच बोलायचं. दुःख सांगायचं असेल तर तिच्या मर्जीनं, कोणी काढून घ्यायचं नाही. 'बाई असूनही' हे शब्द नकोत. आणि लांबण नको, कारण लांबलं की ध्यान चुलीकडं जातं. बाकीच्यांनी ते वाक्य एकदा मागून म्हणायचं आणि पुढच्या नावाला जायचं.

मॅडम हे सगळं ऐकत होत्या. व्हिडिओ त्यांनी अर्धाच सोडला होता. "मला हे पाठवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "छापील ओळी म्हटल्या नाहीत, हे मला अहवालात लिहावं लागेल."

"लिवा जी," सयत्रा म्हणाली. "संगं हेबी लिवा का आमी काय म्हटलं."

"लिहिते." त्यांनी मोबाईल पर्समध्ये टाकला. "माझंही एक घ्याल का?"

"तुमी गटात नाई," दुरपताकाकू म्हणाली. मग तिला वाटलं, फार तोडून बोललं गेलं. "पन बसल्या आहा तं म्हना."

"प्रज्ञानं आज ऐकून घेतलं," मॅडम म्हणाल्या. बायकांनी ते मागून म्हटलं, तितक्याच जोरानं.

हजेरीनंतर मागच्या मीटिंगचं इतिवृत्त वाचलं गेलं, बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते आले, एका शेळीसाठी नवी मागणी होती ती सगळ्यांना विचारून मंजूर झाली. मग तळ्याचा विषय. सयत्रानं विचारलं की संस्थेत सभासदत्वाचा अर्ज कोण करणार. पहिला हात कचराबाईचा. मग बाकीचे. ठराव लिहिला गेला, सगळ्यांनी सह्या केल्या. दुरपताकाकू अंगठा लावायची, तिनं अंगठाच लावला आणि म्हणाली, "सही शिकवाले नोका बसू आता, अंगठ्याले कोनी खोटा म्हनत नाई."

न आलेल्या चौघींकडं त्याच संध्याकाळी त्या गेल्या. 'काहून नाई आली' असं कोणी विचारलं नाही. दारात उभं राहून एवढंच सांगितलं की पुढच्या महिन्यात तुझं वाक्य तयार ठेव. त्यातल्या दोघींनी दुसऱ्याच दिवशी अर्ज भरले.

रात्री जेवताना दयाराम म्हणाला, "मी संस्थेचा सभासद आहो. एका घरातून दोघं चालत नाई म्हनतात."

"कोन म्हनते?"

"आसाराम."

"नियमात लिवलं आहे काय?"

"मी नियम नाई वाचला."

"मंग वाच. मले वाचून दाखव." तिनं त्याच्या ताटात भात वाढला. "आन् सभेत तुहा हात कोनाकडं वर होईन, ते आत्ता सांग."

दयारामनं भात कालवला. "तळं ठेक्यानं गेलं तं तू कुठं मासोळी धरशीन," असं शेवटी म्हणाला, आणि तिनं ते उत्तर समजून घेतलं.

अर्ज द्यायला नऊ जणी संस्थेच्या खोलीवर गेल्या. आसारामभाऊंनी अर्ज घेतले नाहीत. "सभेनंतर पाहू." सयत्रा म्हणाली, "मंग नाई घेत म्हनून लिवून द्या." ते लिहून देईनात. बायका पायऱ्यांवर बसल्या. उन्हं चढली. येणारे-जाणारे थट्टा करायला लागले, एकानं विचारलं की आज मासोळी नाही का, इथं सतरंजी टाकली. कचराबाईनं त्याला सांगितलं, "कचरा पायरीवर बसली आहे. हे पुढच्या मीटिंगचं वाक्य आहे, पाठ कर." दुपारी संस्थेच्या सचिवानं अर्ज घेतले आणि पोच दिली. आसारामभाऊ आतून बाहेर आले नाहीत.

सर्वसाधारण सभा झाली तेव्हा बायका सभासद झालेल्या नव्हत्या. त्यांना मत नव्हतं. तरी त्या सगळ्या अकराजणी सभेच्या मांडवात मागं जाऊन बसल्या. कोणी हाकललं नाही, कारण हाकलायचं म्हणजे कोणाच्या तरी बायकोला, आईला, वहिनीला हाताला धरून उठवायचं. ठेक्याचा विषय आला तसं आसारामभाऊंनी विचारलं, "कोणाला काही बोलायचं आहे का?" त्यांनी पुरुषांकडं बघून विचारलं होतं. सयत्रा उभी राहिली.

पदराचं टोक तिनं आधीच कंबरेला खोचलं होतं.

"मी सभासद नाई," सयत्रा म्हणाली. "म्हनून मी मत नाई मांगत. मी फक्त हजेरी देतो. सयत्रानं गाद लावली. तिथं, उगवतीच्या काठाले. तुमी आज जे मरळ खाता ते तिथून येते." ती खाली बसली. मग दुरपताकाकू बसूनच म्हणाली, "दुरपता जाळं विनते." मग कचराबाई, मग बाकीच्या. कोणी भाषण केलं नाही. प्रत्येकीनं आपलं वाक्य म्हटलं आणि बाकीच्या दहाजणींनी ते मागून म्हटलं, मीटिंगमध्ये म्हणायच्या तसंच. मांडवातली माणसं आधी हसली, मग एकमेकांकडं बघायला लागली. त्यांच्यातल्या निम्म्यांची जाळी दुरपताकाकूच्या हातची होती.

हात वर करायची वेळ आली तेव्हा दयारामचा हात ठेक्याविरुद्ध गेला. त्याच्या मागोमाग आणखी गेले. ठेका तीन मतांनी पडला. ठेकेदार मोटारीत बसताना आसारामभाऊंना काहीतरी बोलला, ते कोणाला ऐकू आलं नाही.

सभासदत्वाचं मात्र तितकं सोपं झालं नाही. नऊपैकी सहा अर्ज मंजूर झाले. ज्यांचे नवरे आधीच सभासद होते अशा तिघींचे परत आले, त्यात सयत्राचाही होता. एका घरातून एकच, हे कारण. दयारामनं संस्थेचे नियम आणून वाचले. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. तो म्हणाला, मी माझं नाव काढतो, तुझं लागेल. सयत्रा त्याच्यावर चिडली. "तुहं काढून माहं नोको. तू बी ढिवर, मी बी ढिवर. दोघाईचं लागीन." तिघींनी मिळून सहकार खात्याकडं अपील केलं. ते अजून चालू आहे. तारखा पडतात, त्या तिघी एसटीनं जातात, येताना बसस्टँडवर भजी खातात.

प्रज्ञा मॅडमच्या अहवालाचं काय झालं, ते त्यांनाही कळलं नाही. छापील कागद दुसऱ्या गटात गेला. तिथल्या बायकांनी तो आवडीनं म्हटला, आणि सयत्राला ते ऐकून काही वाटलं नाही. ज्याचं त्याला.

गेल्या महिन्याच्या मीटिंगला हजेरीत सयत्राचं नाव पुकारलं गेलं. ती आता उभी राहून बोलते. पदर कंबरेला.

"सयत्रानं आजून हार नाई मानली," ती म्हणाली.

दुरपताकाकूनं मान हलवली. "हे तं तू मागच्या महिन्यातबी म्हटलं. या महिन्यात काय केलं ते सांग."

सयत्रानं विचार केला. "अपिलाच्या साहेबानं पुढची तारीख दिली. मी त्याले म्हटलं, मी येईन, तुमी बी हजर राहा."

"हे लिव," काकू निर्मलाला म्हणाली.